जागा वाढली आणि खेपाही वाढल्या

संगणक संथ झाला की आपण मेमरी वाढवतो. मेमरी जास्त असली तर काम जलद होईल, निदान आधीपेक्षा हळू तरी होणार नाही, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की कोणी ते तपासूनही पाहत नाही. जून १९६९ मध्ये आयबीएमच्या बेलाडी, नेल्सन आणि शेड्लर या तीन संशोधकांनी एक छोटा निबंध छापला आणि त्यात या समजुतीला धक्का दिला. मेमरी कमी केल्यावर काही प्रोग्रॅम आधीपेक्षा लवकर संपले, असं त्यांना प्रयोगांत दिसलं होतं. म्हणजेच त्याच प्रोग्रॅमना जास्त मेमरी दिली की ते रेंगाळत होते. यंत्रात बिघाड नव्हता, मोजणीही चुकलेली नव्हती. दोष होता मेमरी भरल्यावर आतलं काय बाहेर काढायचं हे ठरवणाऱ्या एका साध्यासुध्या नियमात. नियमही असा, की तो कोणालाही न्याय्य वाटावा: जो आधी आला, तो आधी जाईल.

हा नियम कुठे लागतो ते आधी पाहू. चालू प्रोग्रॅमला जेवढी मेमरी हवी असते, तेवढी सगळी प्रत्यक्ष रॅममध्ये असतेच असं नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅटलस’ या संगणकाने यावर एक युक्ती काढली. जलद मेमरी लहान होती, आणि तिच्या मागे फिरत्या चुंबकीय ड्रमवरची संथ पण मोठी साठवण होती. दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी आहे असं प्रोग्रॅमला भासवायचं, हीच ती युक्ती. त्यासाठी मजकुराचे सारख्या आकाराचे तुकडे पाडले. या तुकड्याला म्हणतात ‘पेज’, म्हणजे पान, आणि जलद मेमरीत असं एक पान मावेल एवढ्या जागेला म्हणतात ‘फ्रेम’. आजच्या बहुतेक संगणकांत पान ४ किलोबाइटचं असतं. त्या हिशेबाने ८ जीबी रॅममध्ये सुमारे २१ लाख फ्रेम होतात.

प्रोग्रॅमने मागितलेलं पान फ्रेममध्ये सापडलं तर काम पुढे सरकतं. नाही सापडलं तर प्रोग्रॅम थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते पान डिस्कवरून आणते. याला ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. फॉल्ट म्हणजे चूक नव्हे, ती मागच्या साठ्यापर्यंतची एक खेप असते. पण ही खेप फार महाग पडते. रॅममधून काही वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. तेच एसएसडीवरून आणायला साधारण हजारपट वेळ लागतो, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायचं तर लाखपट. आता हिशेब करा. दर हजार मागण्यांमागे एकच मागणी एसएसडीपर्यंत गेली, तरी त्या एका खेपेला जाणारा वेळ उरलेल्या ९९९ मागण्यांच्या एकूण वेळेइतका होतो. म्हणजे हजारात एक फॉल्ट झाला तरी प्रोग्रॅमचा वेग निम्म्यावर येतो. म्हणून एखाद-दुसरा फॉल्ट वाचवण्यासाठीही लोकांनी एवढं डोकं खर्च केलं.

सगळ्या फ्रेम भरलेल्या आहेत आणि नवं पान आणायचं आहे, तर कोणत्या पानाची फ्रेम रिकामी करायची? पुढची सगळी कथा याच निर्णयाभोवती फिरते.

पहिलं उत्तर फिफोचं. सर्वांत आधी आत आलेलं पान बाहेर काढायचं. राबवायला याहून सोपं काही नाही. पानं ज्या क्रमाने आली त्या क्रमाची एक रांग ठेवली की झालं. दुसरं उत्तर एलआरयूचं. ज्याला सर्वांत जास्त काळ कोणी हात लावलेला नाही ते पान काढायचं. इथे पान कधी आलं याला महत्त्व नाही, ते शेवटचं कधी वापरलं गेलं याला आहे. तिसरं उत्तर लाझ्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये मांडलं. ते मूळचे बुडापेस्टचे. १९५६ च्या उठावानंतर त्यांनी हंगेरी सोडली आणि पुढे ते अमेरिकेत आयबीएममध्ये रुजू झाले. त्यांचं म्हणणं असं, की ज्या पानाची गरज पुढे सर्वांत उशिरा पडणार आहे, ते पान काढा. कोणत्याही मागणीक्रमावर यापेक्षा कमी फॉल्ट कोणताच नियम देऊ शकत नाही. म्हणून याला ‘ऑप्टिमल’ म्हणतात.

अडचण उघड आहे. प्रोग्रॅम पुढे काय मागणार हे चालत्या यंत्राला कळत नाही. म्हणून ऑप्टिमल नियम यंत्रात बसवता येत नाही. त्याचा उपयोग मोजपट्टी म्हणून होतो. प्रोग्रॅम एकदा चालवायचा, त्याने पानं कोणत्या क्रमाने मागितली ते नोंदवून ठेवायचं, मग ती नोंद हाताशी धरून सर्वांत कमी किती फॉल्टमध्ये हे काम भागलं असतं ते काढायचं. त्या आकड्याशेजारी आपल्या नियमाचा आकडा ठेवला की सुधारणेला अजून किती वाव आहे ते कळतं. वाव उरलाच नसेल, तर नियमावर आणखी मेहनत घेण्यात अर्थ नाही, हेही कळतं.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हे उदाहरण या विषयाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात आकड्यांत दिलेलं असतं, इथे मी अक्षरं वापरतो. एका प्रोग्रॅमची पाच पानं आहेत: क, ख, ग, घ आणि च. तो त्यांची मागणी या क्रमाने करतो: क ख ग घ क ख च क ख ग घ च. एकूण बारा मागण्या. सुरुवातीला सगळ्या फ्रेम रिकाम्या आहेत. वाचताना कागद-पेन्सिल घेतली तर उत्तम, कारण खरी मौज रांग स्वतः सरकवून बघण्यात आहे.

आधी फिफो, तीन फ्रेमसह. क, ख, ग आत येतात, तीन फॉल्ट. घ आला की सर्वांत जुना क बाहेर. लगेच क परत हवा होतो, म्हणून ख बाहेर. मग ख हवा होतो, म्हणून ग बाहेर. च आला की घ बाहेर. आतापर्यंतच्या सातही मागण्या फॉल्ट ठरल्या आणि आत आहेत क, ख, च. पुढच्या दोन मागण्या क आणि ख यांच्याच, दोन्ही आत सापडतात. मग ग येतो आणि क जातो, घ येतो आणि ख जातो. शेवटची मागणी च ची, तो आतच आहे. एकूण फॉल्ट नऊ.

आता त्याच फिफोला चार फ्रेम द्या. क, ख, ग, घ आत आले, चार फॉल्ट. पुढच्या क आणि ख या मागण्या फुकटात भागल्या. इथपर्यंत जादा फ्रेमचा फायदा स्पष्ट दिसतो. मग च येतो. सर्वांत आधी आलेला कोण? क. तो बाहेर. आणि लगोलग मागणी येते क ची. त्याला आणायला ख बाहेर, आणि पुढची मागणी ख ची. त्याला आणायला ग बाहेर, पुढची मागणी ग ची. मग घ बाहेर, मागणी घ ची. मग च बाहेर, मागणी च ची. प्रत्येक वेळी नेमकं तेच पान हाकललं जातं ज्याची पाळी पुढच्याच क्षणी येणार आहे. एकूण फॉल्ट दहा.

दोन्ही नोंदी एकाखाली एक ठेवू. फुली म्हणजे फॉल्ट, ठिपका म्हणजे पान आत सापडलं.

```
मागणी    क ख ग घ क ख च क ख ग घ च
३ फ्रेम   × × × × × × × · · × × ·
४ फ्रेम   × × × × · · × × × × × ×
```

तीन फ्रेममध्ये नऊ आणि चार फ्रेममध्ये दहा. बेलाडींच्या नावाने ओळखली जाणारी विसंगती ती हीच.

पुष्कळदा हे उदाहरण इथेच सोडून दिलं जातं, जणू आकड्यांचा हा काही चमत्कार आहे. मला ते पटत नाही, कारण यामागचं कारण अगदी स्पष्ट आहे आणि समजायला अवघडही नाही. च मागितला जाण्याच्या आधीचा क्षण बघा. तीन फ्रेमच्या यंत्रात क आणि ख नुकतेच बाहेर जाऊन परत आलेले आहेत. दोन फॉल्ट खर्चून ते आले, पण त्यामुळे रांगेत ते ताजे ठरले. च साठी जागा करायची वेळ आली तेव्हा बळी गेला घ चा, आणि क-ख शाबूत राहिले. चार फ्रेमच्या यंत्रात क आणि ख कधी बाहेर गेलेच नाहीत. ते आत होते, वापरलेही गेले, पण फिफोची रांग फक्त येण्याची वेळ बघते, वापर तिला दिसत नाही. म्हणून आत्ता, याच क्षणी कामात असलेले क आणि ख तिच्या लेखी सर्वांत जुने राहिले आणि सर्वांत आधी गेले.

म्हणजे लहान मेमरीत पानाचं वय फॉल्टमुळे पुन्हा शून्यावर येत होतं. मोठ्या मेमरीत तो फॉल्ट वाचला आणि त्याबरोबर वय शून्यावर आणण्याची संधीही गेली. आधी वाचलेल्या दोन खेपांची किंमत पुढे तीन जादा खेपांनी चुकती झाली. वरच्या नोंदीत हे मोजता येतं: पाचव्या आणि सहाव्या मागणीला चार फ्रेमचं यंत्र दोनने पुढे आहे, आणि आठव्या, नवव्या व बाराव्या मागणीला ते तीनने मागे पडतं.

हाच विचार थोडा नेमका केला तर विसंगती कधी येऊच शकत नाही तेही कळतं. कोणत्याही क्षणी तीन फ्रेमच्या यंत्रात जी पानं आहेत ती सगळी चार फ्रेमच्या यंत्रातही असतील, अशी खात्री देता आली तर काळजी मिटली. लहान यंत्रात सापडणारं पान मोठ्यात सापडणारच, म्हणून मोठ्याचे फॉल्ट जास्त होणं अशक्य. फिफो ही खात्री देत नाही. आपल्या उदाहरणात च आल्यानंतर लहान यंत्रात क, ख, च आहेत आणि मोठ्यात ख, ग, घ, च. लहानात असलेला क मोठ्यात नाही. तिथेच घोडं पेंड खातं.

एलआरयूमध्ये मात्र ही खात्री आपोआप मिळते. तीन फ्रेमच्या यंत्रात कायम सर्वांत अलीकडे वापरलेली तीन वेगवेगळी पानं असतात, चार फ्रेमच्या यंत्रात सर्वांत अलीकडची चार. अलीकडची तीन ही अलीकडच्या चारांत असणारच. ‘अलीकडे वापरलेलं’ हा क्रम फक्त मागणीवर ठरतो, फ्रेम किती आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. फिफोचा ‘आधी आलेलं’ हा क्रम मात्र फॉल्ट कधी झाले त्यावर ठरतो, आणि फॉल्ट फ्रेमच्या संख्येवर ठरतात. म्हणून फ्रेमची संख्या बदलली की फिफोची रांगच बदलते.

आयबीएममधल्याच मॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या गुणाचा एक सुंदर उपयोग दाखवला. पानांची एक उभी चळत कल्पा. जे पान मागितलं जाईल ते चळतीतून काढून सर्वांत वर ठेवायचं, आणि काढताना ते वरून कितवं होतं ते लिहून ठेवायचं. आपल्या बारा मागण्यांत पाच पानं पहिल्यांदाच येतात, त्यांना चळतीत जागाच नाही. उरलेल्या सात मागण्यांपैकी पाचवी आणि सहावी मागणी चौथ्या खोलीवर सापडते, आठवी आणि नववी तिसऱ्या खोलीवर, आणि शेवटच्या तिन्ही पाचव्या खोलीवर. झालं काम. फ्रेम तीन असतील तर तिसऱ्या खोलीपर्यंतच्या दोन मागण्या भागतील, बाकी दहा फॉल्ट. चार असतील तर चार भागतील, आठ फॉल्ट. पाच असतील तर सातही भागतील आणि फक्त सुरुवातीचे पाच फॉल्ट उरतील. मागणीची नोंद एकदाच वाचली आणि मेमरीच्या सगळ्या आकारांची उत्तरं हाती आली. फिफोसाठी असं करता येत नाही, तिथे प्रत्येक आकारासाठी पहिल्यापासून रांग सरकवावी लागते.

या आकड्यांत एक गोष्ट खुपते आणि ती झाकून ठेवू नये. तीन फ्रेममध्ये एलआरयूचे फॉल्ट दहा झाले, फिफोचे नऊ. म्हणजे या क्रमावर, या आकाराला, ‘हुशार’ नियम ‘भाबड्या’ नियमापेक्षा वाईट ठरला. शेवटच्या तीन मागण्यांत ते घडलं. क आणि ख नुकतेच वापरले गेले म्हणून एलआरयूने त्यांना जपलं आणि ग साठी च ला घालवलं. पण क आणि ख पुढे कोणालाच नको होते, आणि च शेवटी हवा होता. विसंगती नसणं हा एक गुण आहे, आणि प्रत्येक वेळी कमी फॉल्ट होणं हा दुसरा. एलआरयू पहिल्याची हमी देतो, दुसऱ्याची नाही.

ऑप्टिमलचे आकडे पाहिले की हे दोन्ही नियम किती मागे आहेत ते दिसतं. तीन फ्रेममध्ये तो घ आणण्यासाठी ग ला काढतो, कारण ग ची गरज दहाव्या मागणीला आहे, क आणि ख ची मात्र लगेच. च आणताना घ ला काढतो, तो अकरावीपर्यंत लागणार नाही. अशा रीतीने त्याचे फॉल्ट होतात सात, आणि चार फ्रेममध्ये सहा. विसंगती त्याच्याही वाटेला जात नाही.

मग फिफोची विसंगती किती वाईट होऊ शकते? बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मागणीक्रम रचून दाखवले, ज्यांत मोठ्या मेमरीचे फॉल्ट लहान मेमरीच्या जवळजवळ दुप्पट होतात. दुप्पट ही कमाल मर्यादा असावी असा त्यांचा अंदाज होता, आणि तो चार दशकं तसाच राहिला. २०१० मध्ये फोर्नाई आणि इवान्यी या हंगेरियन संशोधकांनी तो खोटा ठरवला. मागणीक्रम आणि मेमरीचे दोन आकार नीट निवडले तर हे गुणोत्तर हवं तेवढं वाढवता येतं, त्याला वरची मर्यादा नाही. ज्या बुडापेस्टने बेलाडींना घडवलं, त्यांच्याच देशबांधवांनी त्यांचं हे अपुरं राहिलेलं काम पूर्ण केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

असे क्रम मुद्दाम रचावे लागतात हेही खरं. रोजच्या वापरात जास्त मेमरीने फॉल्ट बहुतेक वेळा कमीच होतात. विसंगतीचा उपद्रव वेगळाच आहे. मेमरी वाढवून फायदा झाला नाही तर माणूस सगळीकडे दोष शोधतो, नियमाकडे मात्र बघत नाही.

एवढं असेल तर प्रत्येक यंत्रात शुद्ध एलआरयू का नाही? कारण तो महाग आहे. फिफोला पान आत येतानाच नोंद करावी लागते. एलआरयूला प्रत्येक वापराला. प्रोसेसर सेकंदाला कोट्यवधी वेळा मेमरीला हात लावतो, आणि दर वेळी २१ लाख पानांच्या यादीत एक पान उचलून वर ठेवत बसला तर मूळ काम कधी करणार? म्हणून व्यवहारात तडजोड होते. हार्डवेअर प्रत्येक पानाशी एक बिट ठेवतं आणि पान वापरलं गेलं की ते १ करतं. ऑपरेटिंग सिस्टिम फ्रेम गोलाकार मांडल्या आहेत असं धरून एक काटा फिरवते. काट्याखालच्या पानाचा बिट १ असेल तर तो ० करून पानाला सोडून द्यायचं, ० असेल तर तेच पान काढायचं. या पद्धतीला ‘क्लॉक’ म्हणतात. हा एलआरयूचा स्वस्त अंदाज आहे, पण एलआरयू नव्हे. सगळ्यांचे बिट १ असतील तर काटा पूर्ण फेरी मारतो, सगळे ० करतो आणि जिथून निघाला तिथलंच पान काढतो. त्या क्षणी ती शुद्ध फिफो झालेली असते, म्हणून लहान मेमरीतली पानं मोठीत असतीलच ही खात्री क्लॉक देत नाही.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे शुद्ध एलआरयूही सपशेल हरतो. फ्रेम चार आहेत आणि प्रोग्रॅम पाच पानं क्रमाने पुन्हा पुन्हा वाचतो आहे: क ख ग घ च, क ख ग घ च. एलआरयू दर वेळी सर्वांत जुना वापर असलेलं पान काढतो, आणि नेमकं तेच पुढे लागणार असतं. परिणाम, प्रत्येक मागणीला फॉल्ट. फिफोचंही तेच होतं. ऑप्टिमलला मात्र इथे सुरुवातीनंतर दर चार मागण्यांमागे एकच फॉल्ट पडतो, कारण तो दर वेळी नुकतंच वापरलेलं पान काढतो आणि पुढच्या तीन मागण्यांना लागणारी बाकी तीन जागेवर ठेवतो. मेमरीपेक्षा किंचित मोठी फाइल वारंवार वाचणाऱ्या प्रोग्रॅमची अशीच दशा होते. अशा वेळी एक फ्रेम वाढवली की एलआरयूचे फॉल्ट एकदम शून्यावर येतात. चारावर शंभर टक्के, पाचावर काहीच नाही, मध्ये उतार नाहीच.

आपल्या यंत्रात काय चाललं आहे ते लिनक्सवर सहज बघता येतं. टर्मिनलमध्ये हे लिहा:

```
vmstat 1
```

दर सेकंदाला एक ओळ उमटते. तिच्यातल्या `si` आणि `so` या रकान्यांत डिस्कवरून मेमरीत आणि मेमरीतून डिस्कवर किती मजकूर जात-येत आहे ते दिसतं. मेमरी भरलेली असूनही हे दोन्ही आकडे शून्याच्या आसपास असतील तर काळजीचं कारण नाही. भरलेली मेमरी ही वाया न गेलेली मेमरी असते. पण दोन्ही एकाच वेळी सतत मोठे राहिले, तर पानं बाहेर जाऊन लगेच परत येत आहेत, आणि प्रोग्रॅमला एका वेळी लागणारी पानं फ्रेममध्ये मावत नाहीत असं समजावं. एखाद्याच प्रोग्रॅमचा हिशेब हवा असेल तर तो `/usr/bin/time -v` लावून चालवावा. शेवटी येणाऱ्या यादीत `Major (requiring I/O) page faults` ही ओळ असते, ती डिस्कपर्यंत गेलेल्या खेपा मोजते. तिच्याखालची `Minor` ची ओळ पुष्कळदा हजारांत असते आणि ती बघून लोक दचकतात, पण त्या फॉल्टमध्ये मजकूर आधीच रॅममध्ये असतो, फक्त नोंद जोडायची राहिलेली असते.